एक झाकण म्हणजे नेमकं किती?

कानात इअरफोन, हातात पाण्याचा झारा आणि समोर चार-पाच कुंड्या, अशा अवस्थेत हा भाग ऐकत असाल तर एक मिनिट थांबा. झाऱ्यात खत घातलं असेल तर पाणी ओतू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा आईने तिच्या कुंडीतल्या पीस लिलीचा एक फुटवा काढून दिला होता. एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. दीड वर्ष तो मजेत वाढला. मग एका रविवारी मी नर्सरीतून द्रवरूप खताची बाटली आणली. घरी आले, अर्ध्या लीटरच्या बाटलीत पाणी भरलं, त्यात एक झाकण खत ओतलं आणि सगळं कुंडीत. माती वरून कोरडी होती, मला वाटलं बरंच झालं, एका दगडात पाणी पण आणि खत पण.

चार दिवसांनी पानांची टोकं तपकिरी झाली. आठवड्याभरात कडा कागदासारख्या कुरकुरीत. मातीवर पांढरट थर. व्हिडिओ कॉलवर आईने पाहिलं आणि एकच विचारलं, "काय घातलंस गं तिला?"

तेव्हा मी पहिल्यांदा बाटली उलटी फिरवून लेबल वाचलं. आज तेच लेबल आपण एकत्र वाचू.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तीन आकडे होते, ६:३:६. हे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण. १०० ग्रॅम खतात ६ ग्रॅम नत्र, असा त्याचा अर्थ. (स्फुरद आणि पालाशचे आकडे त्यांच्या ऑक्साइडच्या हिशोबात छापतात, पण कुंडीपुरतं तेवढं खोलात जायला नको.) आपल्याला यातून एकच गोष्ट घ्यायची: हे खत किती तीव्र आहे. बाजारात १९:१९:१९ ची पावडरही मिळते. तिच्यात तेवढ्याच वजनात नत्र तिपटीहून जास्त असतं. म्हणून मैत्रिणीने सांगितलेलं "एक चमचा टाक" आपल्या बाटलीला लागू पडत नाही. तिचा चमचा तिच्या खताचा.

आता मागची बाजू. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. एक, '२.५ मिली प्रति लीटर पाणी'. दुसरी, 'एकरी ५०० मिली, २०० लीटर पाण्यातून'. दुसरी ओळ शेतकऱ्यांसाठी आहे, पण ती बघून घाबरायचं कारण नाही. ५०० ला २०० ने भागा. उत्तर येतं २.५. म्हणजे दोन्ही ओळी एकच सांगतात. काही बाटल्यांवर फक्त एकरी प्रमाण असतं, तेव्हा हाच भागाकार करायचा. आणि '१:२००' असं लिहिलं असेल तर १ मिली खताला २०० मिली पाणी, म्हणजे लीटरला ५ मिली.

अजून एक बघा. काही लेबलांवर 'फवारणी' आणि 'आळवणी' अशी दोन वेगळी प्रमाणं असतात. फवारणी पानांवर, आळवणी म्हणजे मुळांशी ओतणं. कुंडीत ओतणार असाल तर आळवणीचा आकडा बघा.

मग माझं चुकलं कुठे? झाकणात. घरी इंजेक्शनची सिरिंज होती, तिने मी ते झाकण मोजलं. १० मिली! अर्ध्या लीटरला १० मिली म्हणजे लीटरला २०. हवं होतं २.५. मी तिला आठपट तीव्र खत पाजलं होतं. झाकण हे माप नाही. कुठलं ५ मिलीचं, कुठलं १० चं. त्यावर रेघा छापलेल्या नसतील तर त्याचा उपयोग फक्त बाटली बंद करायला.

आता जास्त खताने झाड करपतं का? काकडीची कोशिंबीर आठवा. मीठ लावून ठेवली की काकडीला पाणी सुटतं. खतं म्हणजे सुद्धा क्षारच. मातीतलं पाणी खूप खारट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही, उलट मुळांतलंच पाणी बाहेर जाऊ लागतं. माती ओली असते आणि झाड तहानलेलं. याचा चटका आधी पानांच्या टोकांना आणि कडांना दिसतो. त्यात माझी माती कोरडी होती, त्यामुळे खत पातळ व्हायला कुंडीत ओलावाच नव्हता.

इथे एक गल्लत होते. टोकं वाळली की आपण म्हणतो पाणी कमी पडलं. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडी असेल तर बहुधा तहानच आहे. ओली असेल, कडा कुरकुरीत असतील आणि हे सगळं खत दिल्यावर लगेच सुरू झालं असेल, तर संशय खतावर घ्या. नुसत्या पांढऱ्या थरावरून ठरवू नका, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानेही तो येतो. आणि माती सतत चिखलासारखी असेल, कुबट वास येत असेल, तर मुळं कुजत असतील. तो वेगळा आजार, त्याला पुढचा उपाय नको.

मी काय केलं सांगते. वरचा पांढरा थर चमच्याने खरवडून काढला. कुंडी बाथरूममध्ये नेली. तिच्यात साधारण २ लीटर माती मावते, म्हणून तिच्या तिप्पट, ६ लीटर साधं पाणी थोडं थोडं करून ओतलं, दर वेळी खालून निथळू दिलं. बशीत साठलेलं पाणी फेकलं, नाहीतर तेच क्षार परत वर चढतात. त्यानंतर नवं पान येईपर्यंत खत बंद. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, त्याची वाट बघू नका. बघायचं ते नव्या पानाकडे. माझ्याकडे पाचव्या आठवड्यात एक पान उलगडलं, कडा स्वच्छ हिरव्या.

आता मी असं करते. मेडिकलमधून आणलेली ५ मिलीची सिरिंज, सुईशिवाय, फक्त खतासाठी ठेवली आहे. आदल्या दिवशी झाडांना साधं पाणी. दुसऱ्या दिवशी बाटली हलवून २.५ मिली खत २ लीटर पाण्यात. हो, २ लीटर! लेबलच्या निम्मं. घरातल्या झाडाला ऊन कमी, त्यामुळे त्याची वाढ हळू आणि भूकही कमी. सहा इंची कुंडीला यातलं पाव लीटर पुरतं, उरलेलं बाकीच्या कुंड्यांना. वाढ चालू असेल तेव्हा महिन्यातून एकदा. नुकतीच कुंडी बदलली असेल, झाड आजारी असेल किंवा पावसाळी अंधारात वाढ थांबली असेल, तर अजिबात नाही.

मागच्या महिन्यात लिलीला फूल आलं. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. आता काही घालू नकोस."

तर आज घरी गेल्यावर एवढंच करा: तुमच्या बाटलीचं झाकण पाण्याने भरा आणि सिरिंजने मोजा. किती मिली निघालं ते मला खाली लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात!