नोटिशीचे उत्तर : सही करण्यापूर्वी



नोटिशींच्या उत्तरांचे मसुदे तपासण्यात माझी सरकारी नोकरीतील बरीच वर्षे गेली. परंतु आज सांगतो ती हकीकत घरगुती आहे. आपल्यासारख्याच दूर राहणाऱ्या एका स्नेह्यांनी गावच्या घराचे छप्पर ठेकेदाराकडून नवे करून घेतले. काम 10 जून 2022 रोजी पुरे झाले. पैसे केव्हा द्यायचे, हे ठरलेले नव्हते. 60,000 रुपये बाकी असल्याची वकिलाची नोटीस मे 2025 मध्ये आली. स्नेह्यांनी संतापाच्या भरात उत्तर लिहिले : ‘तुमचे 60,000 राहिले हे खरे, पण तुम्ही लबाड आहात. पहिल्याच पावसात छप्पर गळले, म्हणून एक पैही देणार नाही.’

या दोन ओळींतील ‘लबाड’ हा शब्द मी प्रथम खोडला. उद्या हे पत्र न्यायाधीशांपुढे जाईल, आणि शिवीने गळती सिद्ध होत नाही.

मग कागद काढले. गळतीची पहिली तक्रार जुलै 2023 ची, म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यातील, निघाली. शिवाय मेव्हण्यांनी ठेकेदाराला रोख दिलेल्या 15,000 रुपयांची पावती सापडली. म्हणजे बाकी 45,000. त्यातून दुरुस्तीचे 28,000 वजा जाता स्नेह्यांच्या हिशेबाने उरले 17,000. कबुली हा अंतिम पुरावा नसला, तरी स्वतःच्या सहीचा आकडा चुकीचा होता हे दाखविण्याचे ओझे आपल्यावरच येते.

खरा धोका ‘राहिले हे खरे’ या शब्दांत होता. अशा दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षे. ती जून 2025 मध्ये संपत होती. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य करून सही केली, की त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. सोबत ‘देणार नाही’ असे लिहिले, तरी सुटका नाही. आपण अधिकार दिलेल्या वकिलाची सहीही तितकीच बांधते.

‘मग सरळ नाकारू का?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, खोटे लिहू नका. जे ठाऊक आहे तेवढेच लिहा. शेवटी मसुदा असा झाला : ‘60,000 रुपयांची मागणी मान्य नाही. त्यात पावतीने दिलेले 15,000 जमा धरलेले नाहीत. जुलै 2023 मध्ये गळतीची लेखी तक्रार केली होती. दुरुस्तीस 28,000 खर्च आला. नोटिशीतील जे विधान येथे स्पष्टपणे स्वीकारलेले नाही, ते मान्य आहे असे समजू नये.’

ते 17,000 मात्र त्यांच्या मनाला टोचत होते, आणि ते मला आवडले. पण अंशतः भरणा सहीनिशी केला, तरीही मुदत नव्याने धरली जाते. म्हणून उत्तर धाडल्यावर मेव्हण्यांनी ठेकेदाराची समक्ष गाठ घेतली, ‘संपूर्ण हिशेब चुकता’ अशी त्याची सही घेतली आणि मगच पैसे त्याच्या हाती ठेवले.