पगारी नोकरी, सुट्टं काम आणि कलम अकरा

(संस्था-संघटनांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. प्रकरणांतील ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



आपल्यापैकी किती जणी नोकरी सांभाळून बाहेरची कामं करतात, असं मघाशी विचारलं तेव्हा आधी चार हात वर झाले. मग एकमेकींकडे बघत बघत अकरा झाले. त्या मधल्या क्षणाबद्दलच मला बोलायचं आहे. काम चोरीचं नाही, मग हात वर करायला भीती का वाटते?

मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात नोकरी करते आहे. पगार २६ हजार. त्याखेरीज दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अशी समिती नेमावी लागते. तिच्यावर एक सदस्य स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली, बाहेरची असावी लागते. म्हणजे हे काम आपल्यासारख्यांकडेच येतं. ते आपल्या नोकरीच्या इतकं जवळचं आहे, की हितसंबंधांचा प्रश्न तिथे हमखास उभा राहतो.

माझ्या नेमणूकपत्रात अकरावं कलम आहे. रुजू होताना मी ते वाचलंही नव्हतं. त्यात असं होतं : ‘कर्मचाऱ्याने संस्थेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अन्य कोणतेही सवेतन अथवा विनावेतन काम स्वीकारू नये.’ मी पहिली समिती स्वीकारली ती तोंडी सांगून, चहा घेता घेता. ताई ‘बरं’ म्हणाल्या. ती परवानगी झाली असं मी धरून चालले. दुसऱ्या कंपनीचं तर सांगितलंच नाही.

२०२२ साली त्या दुसऱ्या कंपनीत एक तक्रार आली. लिफाफा उघडला आणि तक्रारदार बाईचं नाव वाचून मी थांबले. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या केंद्रात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आली होती. तिची फाईल मी वाचली होती. तिच्या घरातलं, औषधांचं, सगळं मला ठाऊक होतं. चौकशीत माझ्यासमोर फक्त तक्रार, उत्तर आणि पुरावा एवढंच असायला हवं. बरं, मी का बसत नाही हे कंपनीला सांगू गेले, तर ती आमच्या केंद्रात आली होती हे उघड होणार. मी एवढंच लिहून दिलं : ‘या प्रकरणात मी तटस्थपणे बसू शकत नाही, कृपया दुसरी सदस्य नेमावी.’ कारण लिहिलं नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, म्हणून पत्र त्याच दिवशी पाठवलं.

कंपनीतल्या माणसाने दुसरी सदस्य सुचवा म्हणून फोन केला, तो थेट आमच्या ऑफिसात. अशा रीतीने संस्थेला कळलं. आठवड्याभरात मला कलम अकराचा उल्लेख असलेलं खुलासा मागणारं पत्र मिळालं.

मला राग आला. वर्षानुवर्षं मी रविवारी फुकट शिबिरं घेतली, तेव्हा कलम अकरा कुणाला आठवलं नव्हतं. पैसे आले आणि कलम आठवलं. ताई म्हणाल्या, ‘पूर्णवेळ म्हणजे पूर्ण मन असतं.’ मी म्हटलं, ‘ताई, पूर्ण मनाला पूर्ण पगार लागतो.’ असं थोडं जोरातच झालं. पण रात्री विचार केला तेव्हा पटलं, की पैसे घेतले यात माझी चूक नव्हती. केंद्रात आलेली बाई बाहेरच्या समितीपुढेही येऊ शकते, हे मी आधी मांडायला हवं होतं. तसं झालं तर काय करायचं, हे संस्थेशी लेखी ठरवायला हवं होतं.

आता कायद्याचं थोडं. नोकरीत असताना अन्यत्र काम करू नये, ही अट आपोआप बेकायदा ठरत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंदा-व्यवसाय करण्याला बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवतं. पण गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या मुदतीपुरतं बंधन सर्वसाधारणपणे चालतं असं म्हटलं. अट फारच जाचक किंवा एकतर्फी असेल तर गोष्ट वेगळी. नोकरी सोडल्यावर ‘दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं लिहून घेतलं असेल, तर ते मात्र बहुधा कोर्टात टिकत नाही. म्हणून नोकरीत असताना कलम मोडून मग भांडण्यापेक्षा, ते आधी बदलून घेणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट साहित्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे लिहिलं, त्याची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते. केंद्रासाठी केलेली प्रशिक्षण-पुस्तिका, तक्ते, प्रसंग बाहेरच्या पैशाच्या शिबिरात तसेच नेऊन वापरता येत नाहीत. विषयाची जाण तुमची आहे, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण साहित्य बाहेरच्या कामासाठी घरी, स्वतःच्या वेळात, नव्याने तयार करा.

मग मी परवानगीचं पत्र लिहिलं. त्यात सहा गोष्टी होत्या : कंपनीचं नाव आणि पद, महिन्याला साधारण किती दिवस, ते शनिवार-रविवार किंवा माझ्या रजेचे असतील, मानधन मी स्वतः घेणार आणि त्यावरचा कर भरणार, संस्थेचं नाव, फोन किंवा कागद वापरणार नाही, आणि केंद्रात आलेली कुणीही व्यक्ती त्या प्रकरणात असेल तर मी कारण न सांगता बाजूला होईन. शेवटी एक ओळ : ‘या कंपनीकडून संस्थेला देणगी मिळू लागल्यास मला कळवावे, मी समिती सोडेन.’ कारण उद्या त्याच कंपनीच्या पैशावर माझा पगार निघू लागला, तर तिथे साहेबाविरुद्ध निकाल देताना माझा हात अडखळेल. समितीच्या चौकशीचा मजकूर गोपनीय असतो, त्यामुळे पत्रात एकाही प्रकरणाचा उल्लेख नव्हता आणि लागतही नाही. परवानगी लेखी आली. तिच्यावर मुदत घालून घेतली, एक वर्ष. दर एप्रिलला नवीन.

आता शक्तीबद्दल. पहिली चौकशी मी ४ हजार रुपये बैठक या दराने घेतली. नियमात बाहेरच्या सदस्याला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च एवढाच सांगितला आहे. खासगी कंपन्या बहुधा बोलून अधिक ठरवतात. तीन बैठका, प्रत्येकी चार तास. १२ तासांचे १२ हजार म्हणजे तासाला हजार, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात तक्रार आणि उत्तर वाचायला ३ तास, बैठकांचे १२, जाण्यायेण्याचे ६ आणि अहवाल लिहायला ९. एकूण ३०. म्हणजे तासाला ४००. पैसे तरीही वाईट नव्हते. पण हे १८ तास मी कुठून आणले? झोपेतून आणि मुलीच्या वाट्यातून. तेव्हापासून मानधन ठरवताना वाचन आणि अहवाल वेगळे लावते.

तासांपेक्षाही महत्त्वाचं मला उशिरा कळलं. चौकशी म्हणजे दुःख ऐकणं. माझी नोकरीही तीच. शनिवारी चार तास ऐकलं की सोमवारी केंद्रात बसलेल्या बाईसाठी माझ्यात काही उरत नसे. थकवा अंगाला जाणवण्याआधी कामात दिसला. एका बाईच्या नोंदीत दुसरीच्या मुलाचं नाव लिहिलं. एकीला कोर्टाची तारीख चुकीची सांगितली. ती वेळेवर लक्षात आली म्हणून निभावलं. तिसरी खूण म्हणजे बाई बोलत असताना मनात ‘हे ऐकलंय’ असं येऊ लागलं. समुपदेशकाच्या मनात हे वाक्य आलं की थांबायची वेळ झाली असं समजा.

तेव्हा मी बाहेरच्या कामाचे दोन भाग केले. एक ऐकण्याचं काम, ते नोकरीच्याच विहिरीतून पाणी उपसतं. दुसरं भाषांतर, पुस्तिका लिहिणं, प्रशिक्षण, ते वेगळ्या विहिरीतून येतं. एका वेळी एकच चौकशी घ्यायची, कारण ९० दिवसांची मुदत असल्याने ती पुढे ढकलता येत नाही. चौकशी चालू असताना बाकी फक्त लेखनाचं काम. बैठक रविवारी कधीच नाही. शनिवारी झाली तर रविवार रिकामा. मार्चमध्ये महिला दिनामुळे आणि डिसेंबर-जानेवारीत समित्यांच्या वार्षिक अहवालांमुळे सगळी बोलावणी एकदम येतात. त्या दिवसांत आधीच दोनांचा आकडा ठरवून तिसऱ्याला नाही म्हणते. याने मिळकत कमी झाली, हे खरं आहे. घरचं काम कमी झालं नाही, हेही खरं आहे. नवऱ्याने शनिवारचा स्वयंपाक घेतला, तो मी सलग दोन शनिवार घरी नव्हते म्हणून.

शेवटी आपल्या संस्थांबद्दल. अकरावं कलम कुठल्या कारखानदाराने लिहिलं नव्हतं. ते आपल्यातल्याच कुणी, बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या नमुन्यावरून उतरवलं होतं. आमच्याकडे ते २०२३ मध्ये बदललं. आता ते असं आहे : कर्मचाऱ्याने बाहेरचं काम नोंदवहीत नोंदवावं, केंद्रातल्या व्यक्तींशी किंवा देणगीदारांशी संबंध येत असेल तरच परवानगी लागेल, आणि नकार द्यायचा तर कारण पंधरा दिवसांत लेखी द्यावं. पहिल्याच महिन्यात वहीत सात जणींनी नोंद केली. त्यातली एक रात्री पोळ्या लाटून देते, एक शिकवण्या घेते. हे इतकी वर्षं आम्हाला एकमेकींना माहीत नव्हतं. ती वही पुढच्या पगारवाढीच्या बैठकीत टेबलावर होती.

घरी गेल्यावर आपापलं नेमणूकपत्र काढा आणि हे कलम शोधा. पुढच्या बैठकीला येताना त्याची प्रत आणा. आपण सगळ्या मिळून ती वाचू.