भाताची वेळ

बंगळूरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर गणेशोत्सवापूर्वी कार्यकारी समितीची एक सूचना लागली. महाप्रसादासाठी घरोघरून शिजवलेले अन्न देणाऱ्यांनी प्रत्येक भांड्यास चिठ्ठी बांधावी. तीवर पदार्थाचे नाव, घराचा क्रमांक आणि भांडे चुलीवरून उतरविल्याची वेळ लिहावी, असे तिचे पहिले कलम होते. वाचणाऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही. देवाच्या कामासाठी श्रद्धेने केलेल्या अन्नाला दाखला कसला मागायचा, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न श्रद्धेचा नव्हता, भाताचा होता. तांदळाच्या दाण्याबरोबर शेतातल्या मातीतील बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरला पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते; पण पाणी पुरते १०० अंशांवर उकळले, तरी ही बीजे मरतातच असे नाही. भात कोमट झाला की ती अंकुरतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील काही उपाहारगृहांत, आदल्या दिवशी शिजवून तसाच ठेवलेला भात परतून वाढल्याने माणसांना वांत्या झाल्या, तेव्हा या प्रकाराकडे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष गेले. भात पुन्हा तापविल्याने जंतू मरतील. तयार झालेले विष मात्र टिकून राहते. त्याला वास नाही, वेगळी चवही नाही. खाणाऱ्याला तासा-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत मळमळ सुरू होते, तेव्हाच ते कळते.

समजा, एका घरी सकाळी सहाला पाच किलो तांदळाचा भात खोल पातेल्यात शिजवून झाकून ठेवला आणि साडेबाराला मंडपात आणला. वरचा थर हाताला गार लागतो. पण मध्यभागाची ऊब झाकणाखाली कोंडलेली असते आणि ती तासन् तास निघत नाही. जंतूंना हवी असते ती हीच ऊब. बंगळूरची श्रावण-भाद्रपदातली हवा माणसाला सुखद वाटते, म्हणून 'इथे अन्न नासत नाही' असा समज होतो. परंतु ५ ते ६० अंशांचा पट्टा धोक्याचा मानला जातो आणि ती सुखद हवा या पट्ट्यातच येते. ते पातेले तसेच शीतकपाटात ठेवण्यानेही काम होत नाही. कडा थंड होतात, मध्य उबदारच राहतो.

म्हणून समितीने भाताचे दोन मार्ग सांगितले. बिसीबेळे भातासारखा गरम वाढावयाचा पदार्थ पंगत उठेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. तापमापक भांड्याच्या मध्यापर्यंत खुपसून ते पाहावे. नुसती वाफ दिसली म्हणून समाधान मानू नये. चित्रान्नाचा भात मात्र आधी गार करावा लागतो. तो परातीत बोटभर जाडीने पसरावा, म्हणजे लवकर निवतो. आणि चुलीवरून उतरविल्यापासून दोन तासांत तो पानात पडावा. लिंबाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते हे खरे. पण आंबटपणा प्रत्येक दाण्याला सारखा लागला की नाही हे कोण सांगणार? म्हणून मुदत तीच.

सूचनेचे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. पंगती उठल्यावर उरलेला भात पहारेकऱ्यांना व घरकामाच्या बायांना देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. दान म्हणून ती चांगली दिसते. पण सर्वांत जुना झालेला घास त्यांच्याच वाट्याला येतो. समितीने लिहिले की, त्यांचे वाटे पहिल्या पंगतीबरोबरच काढावेत आणि मुदत उलटलेले अन्न कोणासही देऊ नये. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतात २०१९ साली वेगळे नियम झाले. त्यांमागचा विचारही हाच आहे की, दान घेणाऱ्यास मिळणारे अन्न खाण्यास सुरक्षित असले पाहिजे.

आता ते साडेबाराचे पातेले. साडेसहा तास उलटल्याचे चिठ्ठीच सांगत असल्याने समितीला ते परत करावेच लागेल, आणि पहाटे उठून राबलेल्या गृहिणीचे मन दुखावेल. यावर सूचनेत एक वाट ठेवली होती: ज्यांना वेळ पाळणे कठीण आहे त्यांनी शिधा द्यावा. पाच किलो तांदूळ, डाळ आणि तूप आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या कोठीत पोहोचवावे. भात पंगतीच्या आधी तासभर तिथेच शिजेल. शिध्याची रीत जुनीच आहे. कोरड्या तांदळातील बीजे निद्रिस्त असतात, आणि पाणी व ऊब मिळेपर्यंत ती तशीच राहतात.