राउटर घेण्याआधी घर तपासा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं बोलणं)



भारतनेटची फायबर बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीपर्यंत आली. पण तिथून आपल्या वस्तीपर्यंत, पोडापर्यंत तार आली नाही. मग सिमवर चालणारा घरचा राउटर, हाच मार्ग उरतो. गटातून कर्ज काढून राउटर घेतला आणि नेट चाललंच नाही, तरी हप्ता भरावाच लागतो. म्हणून आधी घर तपासा.

फोनवरच्या दांड्या पाहून फसू नका. खरा आकडा बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये Settings, About phone, SIM status, Signal strength इथे दिसतो. तो उणे असतो, म्हणून उलटा वाचायचा. -85 dBm चांगला, -100 कामचलाऊ, -115 म्हणजे नेट तुटत राहणार. आकडा 10 ने सुधारला, तर सिग्नलची ताकद दहापट वाढते.

समजा, पुसदकडच्या डोंगराळ भागात एका ताईचं टिनाचं घर आहे. चुलीजवळ -114 आला, ओसरीत -101, आणि छपरावर -90. घर तेच, सिम तेच. टिन सिग्नल अडवते, म्हणून हा फरक. या ताईनं आत ठेवायचा साधा राउटर घेतला तर पैसे वाया जातील. तिला बाहेर बसवायचा राउटर पाहिजे, नाही तर बाहेरचा अँटेना जोडता येईल असा. वायर जितकी लांब, तितका सिग्नल कमी होतो. म्हणून अँटेना ते राउटर अंतर कमीच ठेवा.

पण आकडा चांगला असूनही नेट हळू असू शकतं. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर असते. म्हणून शेजारणींची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं मागून आणा. त्याच जागी सकाळी, दुपारी आणि रात्री आठला स्पीड तपासा, असं तीन दिवस करा. रात्री आठला जे सिम टिकते, तेच घ्या.

दुकानात तीन गोष्टी विचारा. राउटरमध्ये कोणत्याही कंपनीचं सिम चालते का? महिन्याचा डेटा किती, आणि संपल्यावर स्पीड किती उरतो? आपल्या जागेवर चाललं नाही, तर परत घेता का? कंपनीची 5G घरसेवा पाहिजे असेल तर त्यांचा माणूस घरी येऊन तपासूनच जोडणी देतो का, तेही विचारा. पावतीवर लिहून घ्या.

शेवटचं लाइटीचं. बरेच राउटर 12 व्होल्टवर चालतात. लोडशेडिंगमध्ये लहान बॅटरी बॅकअप कामी येतो, पण तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट जुळवून घ्या. मात्र टॉवरचीच लाइट गेली, तर तुमची बॅटरी काय करणार? म्हणून लोकओएसवरची नोंद लाइट असतानाच करून मोकळ्या व्हा.