सहाच मिनिटं तर आहेत!

मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. या कामाचा दर तयार फिल्मच्या मिनिटावर ठरतो. गिऱ्हाइकाला तो चटकन समजतो. फसतो तो आपल्याला.

पहिल्या वर्षी एका लग्नाची सहा मिनिटांची फिल्म मी मिनिटाला १२०० रुपयांनी घेतली. एकूण ७२०० रुपये. हातात आलं दोन कॅमेऱ्यांचं नऊ तासांचं चित्रीकरण. ते नुसतं पाहून, चांगले तुकडे वेगळे काढण्यात बारा तास गेले. पहिली जुळणी करायला चौदा. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. आधी नवरीकडून, मग तिच्या वन्संकडून, मग मामांकडून. चौथ्या फेरीत गाणंच बदला म्हणाले. गाण्याच्या ठेक्यावर दृश्यं कापलेली असतात. गाणं बदललं की जवळजवळ प्रत्येक जोड हलवावा लागतो. पाच फेऱ्यांत बावीस तास गेले. एकूण अठ्ठेचाळीस तास, म्हणजे तासाला दीडशे रुपये. वीजबिल वेगळंच! वाढीव पैसे मागितले, तर मामा म्हणाले, "ताई, सहाच मिनिटं तर आहेत!" त्यांचं तरी काय चुकलं? मी आधी काही बोललेच नव्हते.

आता काम घेतानाच मी विचारते, चित्रीकरण किती तासांचं आहे? माझ्या दरात एका तयार मिनिटामागे अर्धा तास चित्रीकरण धरलेलं असतं. सहा मिनिटांना तीन तास. त्यावरच्या प्रत्येक तासाला ३०० रुपये. त्या लग्नाचे सहा तास जास्तीचे होते, म्हणजे १८०० रुपये मी तिथेच सोडले होते.

मेमरी कार्ड आलं की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवते. फाइलींची संख्या आणि आकार कार्डाशी ताडून पाहते, काही फाइली मधूनच चालवून आवाज ऐकते. तोवर फोटोग्राफरला कार्ड पुसू देत नाही. मंगलाष्टकांचा आवाजच नाही हे महिन्यानं कळलं, तर दोष आपल्यावर येतो.

गाणं आणि लांबी लेखी ठरल्याशिवाय कात्री लावत नाही. निम्मे पैसे आधी घेते. पहिली जुळणी हलक्या प्रतीची, कोपऱ्यात वेळेचे आकडे चालू असलेली पाठवते. घरातल्या एकाच माणसानं सगळ्यांचं ऐकून एकच यादी द्यायची: "२ मिनिटं १४ सेकंद, आत्या दिसत नाहीत." "मधलं जरा छान करा" असं लिहून आलं, तर मी फोन करून नेमकं ठिकाण विचारते. अशा दोन फेऱ्या दरात धरलेल्या. तिसरीपासून तासाला ३०० रुपये.

गेल्या महिन्यात एका घरून तिसऱ्यांदा यादी आली. मी तासांचा अंदाज कळवला. संध्याकाळी निरोप आला, "राहू द्या, आहे ते छान आहे."