चतुःसीमा चुकली तेव्हा

दस्तलेखक, वकील आणि नोंदणीच्या कामाशी रोज संबंध येणाऱ्या मित्रहो,

अध्यक्षाने सगळ्या विषयांवर थोडे थोडे बोलावे असा रिवाज आहे. मी आज तो मोडतो आणि एकाच दस्ताविषयी बोलतो. तो म्हणजे चूक दुरुस्तीपत्र. आपण ते अर्ध्या तासात लिहून देतो, पक्षकारही ते किरकोळ समजतो. पुढे वाद निघाला की त्याच कागदावर सगळे अडते.

एक उदाहरण घेऊ. गट क्रमांक 118, एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर. मालकाने त्यातले उत्तर बाजूचे 40 आर विकले. पूर्वेला गाडीरस्ता, पश्चिमेला नाला, उत्तरेला गट 117 आणि दक्षिणेला मालकाचीच राहिलेली जमीन. खरेदीदाराने उत्तरेकडचा तुकडा ताब्यात घेतला, तारेचे कुंपण घातले, बोअर मारली. दस्तात मात्र उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल झाली. उत्तरेस विक्रेत्याची उर्वरित जमीन, दक्षिणेस गट 117, असे टाइप झाले. अशी चूक बहुधा एकाच कारणाने होते. जुन्या दस्ताची फाइल उघडायची, नावे आणि आकडे बदलायचे, चतुःसीमा तशीच राहते. सहा-सात वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दोघेही आपापल्या जागी कसत असतात. मग खरेदीदार कर्जासाठी बँकेत जातो, बँकेचे वकील दस्त आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवतात, आणि कागदावरची जमीन बांधाच्या दुसऱ्या बाजूला निघते.

पक्षकार धावत येतो तेव्हा आपण पहिल्यांदा हे पाहावे, की चूक नेमकी कुठे आहे. मूळ दस्त बरोबर असेल आणि फक्त सूची क्रमांक दोनमध्ये किंवा सातबारावर चुकीचा आकडा चढला असेल, तर दुरुस्तीपत्राची गरजच नाही. सूचीसाठी दुय्यम निबंधकाकडे अर्ज करावा. अधिकार अभिलेखातल्या लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 155 आहे. दस्तातच चूक असेल, तर नोंदणी झाल्यावर दुय्यम निबंधक त्यातले अक्षरही बदलू शकत नाही. तिथे ज्यांनी दस्त केला त्यांनीच पुन्हा एकत्र यायला हवे.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खरेदीच्या दिवशी दोघांनी काय ठरवले होते? दुरुस्तीपत्र त्या ठरावाला शब्द देते, नवा ठराव करत नाही. आपल्या उदाहरणात पुरावा भरपूर आहे. दस्ताच्या मजकुरात ‘उत्तर बाजूकडील 40 आर’ असे लिहिलेले आहे, म्हणजे दस्त स्वतःच्याच चतुःसीमेशी भांडतो आहे. कुंपण उत्तरेला आहे, बोअर उत्तरेला आहे. इथे दुरुस्तीपत्र निर्धास्तपणे लिहावे. पण खरेदीदार म्हणाला, की आता 40 ऐवजी 45 आर लिहा, मालक तयार आहे, तर थांबावे. ते पाच आर त्या दिवशी विकलेच नव्हते. ती नवी विक्री आहे, तिला मुद्रांक शुल्क लागेल, तुकडेबंदीचा विचार करावा लागेल. तिला दुरुस्तीचे नाव दिले म्हणून ती दुरुस्ती होत नाही. खरेदीदाराच्या जागी त्याच्या भावाचे नाव घालणे हेही तसेच. मधले नाव चुकले, आडनावातली वेलांटी चुकली, ही दुरुस्ती. माणूस बदलला तर तो दुसरा व्यवहार.

क्षेत्राच्या चुका अनेकदा मापातून येतात. तोंडी बोलणे एक एकराचे होते आणि लिहिताना 40 आर लिहिले जातात. एक एकर म्हणजे 40 गुंठे, आणि गुंठा आरपेक्षा जरा मोठा, सुमारे 101.17 चौरस मीटरचा. एकरात फरक पडतो सुमारे 47 चौरस मीटरचा. शेतात तो कोणी बघत नाही, गावठाणालगत त्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. याहून वाईट चूक दशांश चिन्हाची, 0.40 च्या जागी 0.04. अशा वेळी चतुःसीमा शाबूत असेल तर ती दस्ताला वाचवते. निश्चित सीमा दिलेल्या असतील तर क्षेत्राच्या आकड्यापेक्षा न्यायालये सर्वसाधारणपणे सीमांना जास्त वजन देतात. शिवध्यान सिंह प्रकरणात भूखंडाचा क्रमांक 1060 ऐवजी 160 पडला होता. बाकी वर्णनावरून जमीन ओळखता येत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ वर्णनातली चूक मानली. म्हणूनच चतुःसीमेतली चूक मला सर्वांत जास्त भिववते. ज्याच्या आधाराने बाकीच्या चुका निस्तरायच्या, तेच चुकलेले असते.

आता दस्ताविषयी. मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि कार्यालय लिहा. चुकलेले वर्णन जसेच्या तसे द्या, त्याखाली ‘त्याऐवजी असे वाचावे’ म्हणून पूर्ण दुरुस्त वर्णन द्या. मोबदला बदललेला नाही, ताबा मूळ दस्तापासून याच जागेचा आहे आणि बाकी मजकूर कायम आहे, हे स्पष्ट लिहा. मोजणीचा नकाशा जोडा. मिळकत आणि मोबदला तेच असतील तर मुद्रांक नाममात्र लागतो. सही मूळ दस्तातल्या सगळ्यांची हवी. विक्रेता वारला असेल तर सर्व वारसांची, लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींचीही. मधल्या काळात बँकेचा बोजा चढला असेल तर बँकेची संमती घ्या. नोंदणी झाली की प्रत तलाठ्याकडे द्यायला लावा. हे शेवटचे पाऊल राहून जाते आणि गावदप्तरी जुनीच चूक नांदत राहते.

विक्रेता सही करायला तयार नसेल तर? एकट्या खरेदीदाराने केलेले दुरुस्तीपत्र लिहू नका. त्याने समोरच्याला काहीही बांधले जात नाही आणि आपल्या पक्षकाराला खोटा धीर मिळतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 26 खाली दावा लावता येतो. मात्र चूक उभयपक्षी होती किंवा फसवणूक झाली होती, हे सिद्ध करावे लागते. मुदत तीन वर्षांची, आणि चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून धरली जाते. त्याच कलमात एक मर्यादा आहे. मधल्या काळात तिसऱ्याने सद्भावनेने, मोबदला देऊन हक्क मिळवला असेल तर दुरुस्तीने त्याला धक्का लावता येत नाही. आपल्या मालकाने उत्तरेचाच भाग कागदावर स्वतःचा दिसतो म्हणून दुसऱ्याला विकला, तर? तिथे कुंपण कामाला येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे प्रत्यक्ष ताबा ही त्या ताबेदाराच्या हक्काची सूचनाच असते, आणि नवा खरेदीदार मला ठाऊक नव्हते असे सहज म्हणू शकत नाही. पण जमीन पडीक असेल, कुंपण नसेल, तर हा आधार उरत नाही. म्हणून चूक कळल्यावर पुढच्या हंगामापर्यंत थांबू असे म्हणणाऱ्या पक्षकाराला थांबू देऊ नका.

माझी या सभागृहातल्या प्रत्येकाला विनंती आहे. गटातला काही भाग विकला जात असेल तर मोजणीचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय चतुःसीमा टाइप करू नका, जुन्या फाइलमधून तर मुळीच उचलू नका. आणि सही होण्याआधी चारही दिशा दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवा.