मोहरीचे तेल, एरुसिक आम्ल आणि हृदय : देवणीच्या स्वयंपाकघराच्या संदर्भात

देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्यातील स्वयंपाकघरात मोहरी रोज लागते, पण ती लागते दाण्याच्या रूपाने : वरणाच्या फोडणीत ती तडतडते आणि लोणच्यात मोहरीची डाळ पडते. फोडणीचे तेल मात्र परंपरेने करडईचे किंवा शेंगदाण्याचे असते आणि अलीकडे लातूरच्या बाजारपेठेमुळे सोयाबीनचे तेलही सर्वत्र पोहोचले आहे. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात मोहरीचे तेल हेच स्वयंपाकाचे मुख्य तेल आहे. येथे ते मालिशीपुरते किंवा औषधापुरते होते. आता दुकानात ‘कच्ची घाणी’ म्हणून ते मिळू लागले असून ते हृदयाला हितकारक असल्याचे सांगितले जाते, तर दुसऱ्या बाजूला अमेरिकेत ते खाद्यतेल म्हणून विकण्यास मान्यता नाही आणि तेथे त्याच्या बाटलीवर ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे लिहिलेले असते. एकाच तेलाविषयी इतकी टोकाची दोन मते कशी निर्माण झाली आणि येथील घराने त्यातून काय निवडावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

वादाचे मूळ तेलाच्या घटनेत आहे. कोणतेही खाद्यतेल मेदाम्लांचे, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांचे बनलेले असते आणि साखळीची लांबी व तिच्यातील दुहेरी बंधांची संख्या यांवरून तेलाचा स्वभाव ठरतो. भारतात पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या गेलेल्या मोहरीच्या तेलात साधारण ४० ते ५० टक्के भाग एरुसिक आम्लाचा असतो. हे २२ कार्बनचे व एका दुहेरी बंधाचे आम्ल आहे, म्हणजे ऑलिव्ह तेलातील १८ कार्बनच्या ओलेइक आम्लाचाच लांबवलेला भाऊबंद. उरलेल्या भागात ओलेइक आणि लिनोलेइक ही आम्ले असतात. सुमारे १० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, जे ओमेगा-३ गटातील आहे. आणि संपृक्त मेद फार थोडा असतो. तेलाची बाजू घेणारे शेवटच्या दोन गोष्टींकडे बोट दाखवतात आणि विरोधक पहिलीकडे, आणि दोघेही खऱ्या घटकांविषयीच बोलत असल्याने हा वाद सहज मिटत नाही.

एरुसिक आम्लाविषयीची शंका मोहरीवरून नव्हे, तर तिच्या जवळच्या नात्यातील रेपसीडवरून उत्पन्न झाली. १९६० आणि १९७० च्या दशकांत कॅनडा व युरोपात रेपसीडचे तेल भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचे बारीक थेंब साचलेले दिसले. काही नर उंदरांत पुढे स्नायूंचे तंतू मरून तेथे व्रणासारखी ऊतीही तयार झाली. याचे कारण असे सांगितले जाते की हृदयाच्या पेशीतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे मेदाम्लांचे ज्वलन करून ऊर्जा देणारी कणिका, २२ कार्बनची साखळी सावकाश जाळते आणि तोवर न जळलेला मेद पेशीतच साठून राहतो. पुढे पेशीतील पेरॉक्सिझोम ही दुसरी यंत्रणा जोर धरते, लांब साखळी तोडून आखूड करते आणि तेच खाणे चालू असतानाही साचलेली चरबी काही दिवसांनी कमी होऊ लागते. म्हणजे चरबी साचणे हा परिणाम उलटणारा आहे, तर तंतू मरणे हा कायमचा, आणि या दोहोंची गल्लत करणे हे या चर्चेतील नेहमीचे चुकीचे पाऊल आहे. नंतरच्या प्रयोगांत नर उंदरांच्या हृदयात तसे व्रण एरुसिक आम्ल जवळपास नसलेल्या तेलांमुळेही आढळले, त्यामुळे तो दुसरा परिणाम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. चरबी साचण्याचा पहिला परिणाम मात्र उंदरांपुरता मर्यादित राहिला नाही. तो नवजात डुकरांच्या पिलांतही दिसला आणि म्हणूनच मानवी सुरक्षेची मर्यादा त्यावरून काढली गेली.

त्या मर्यादेचा हिशेब नीट पाहिल्याशिवाय दोन्ही बाजूंचे दावे तोलता येत नाहीत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये मत दिले की प्राण्यांत रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ७०० मिलिग्रॅम एरुसिक आम्लापर्यंत हृदयात चरबी साचल्याचे दिसत नाही. माणूस आणि प्राणी यांतला फरक आणि माणसामाणसांतला फरक लक्षात घेऊन ही संख्या १०० ने भागली गेली आणि माणसासाठी किलोमागे ७ मिलिग्रॅम ही रोजची सहनीय मर्यादा ठरली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ४२० मिलिग्रॅम होते. पारंपरिक मोहरीच्या एक ग्रॅम तेलातच सुमारे ४०० मिलिग्रॅम एरुसिक आम्ल असते, त्यामुळे दिवसाकाठी २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, हेच तेल खाणाऱ्याच्या पोटात सुमारे १० ग्रॅम एरुसिक आम्ल जाते आणि किलोमागे ते १७० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. हा आकडा सहनीय मर्यादेच्या सुमारे २४ पट आहे, पण ज्या मात्रेपर्यंत प्राण्यांत परिणाम दिसला नाही तिच्या एक चतुर्थांशच आहे. ‘मर्यादेच्या चोवीस पट’ एवढेच ऐकणाऱ्याला ते विष वाटते आणि ‘निर्धोक मात्रेच्या चौथ्या हिश्शाइतकेच’ एवढेच ऐकणाऱ्याला ते निर्भय वाटते. दोन्ही वाक्ये एकाच गणितातून निघतात. प्रत्यक्षात मोहरीचे तेल खाणारा माणूस शंभर पट राखलेल्या सुरक्षेच्या अंतराचा बराचसा भाग खर्च करून बसलेला असतो, पण धोक्याची रेषा त्याने ओलांडली आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. वजन कमी आणि हृदय वाढीच्या अवस्थेत असलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत हेच अंतर आणखी अरुंद होते, म्हणून लहान मुलांच्या आहारात या आम्लाबाबत जास्त कडक भूमिका घेतली जाते.

हाच हिशेब फोडणीला लावला की चित्र पालटते. पाच माणसांच्या भाजीत चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम, मोहरी पडते. तिच्यात एक ग्रॅमच्या आसपास तेल आणि त्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी एरुसिक आम्ल असते, जे पाच जणांत वाटले की माणशी १०० मिलिग्रॅमदेखील उरत नाही. फोडणीतल्या मोहरीची किंवा लोणच्यातल्या मोहरीच्या डाळीची धास्ती घेण्याचे त्यामुळे कारण नाही. प्रश्न आहे तो मोहरीचे तेल रोजचे मुख्य तेल करण्याचा.

माणसांवरचा पुरावा मात्र मोहरीच्या बाजूने बोलतो, निदान वरवर पाहता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली आणि बेंगळुरू येथील रुग्णालयांतील पहिलाच हृदयविकाराचा झटका आलेल्या ३५० रुग्णांची तुलना ७०० अन्य व्यक्तींशी केली गेली आणि सूर्यफुलाचे तेल वापरणाऱ्यांच्या तुलनेत स्वयंपाकात मोहरीचे तेल वापरणाऱ्यांत झटक्याचा धोका सुमारे निम्मा आढळला. संशोधकांनी याचे श्रेय अल्फा-लिनोलेनिक आम्लाला देण्याची शक्यता मांडली. परंतु अशा तुलनात्मक अभ्यासात रुग्ण झाल्यावर मागचा आहार विचारला जातो, आणि कोणते तेल वापरायचे हे प्रांत, कुटुंबाची रीत व मिळकत यांच्याशी जोडलेले असते, त्यामुळे तेलाचा परिणाम आणि तेलासोबतच्या राहणीचा परिणाम वेगळे करणे अवघड जाते. शिवाय ही तुलना सूर्यफुलाच्या तेलाशी होती, ज्यात ओमेगा-३ जवळपास नसते. म्हणून या अभ्यासातून ओमेगा-३ चा लाभ संभवतो असे म्हणता येते, पण एरुसिक आम्ल लाभदायक आहे असे म्हणता येत नाही.

या चर्चेत दोन गोष्टी वारंवार एरुसिक आम्लाच्या नावावर चढवल्या जातात, त्या वेगळ्या काढणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट तेलाचा झणझणीतपणा : तो एरुसिक आम्लाचा नसून दाणा भरडून ओला होताच मायरोसिनेज या विकराच्या क्रियेने निर्माण होणाऱ्या उडनशील गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. उत्तरेत तेल धूर निघेपर्यंत तापवतात तेव्हा हा झणका उडून जातो, पण एरुसिक आम्ल तेथेच राहते. म्हणून तेल तापवणे, घाण्यावर काढणे किंवा रिफाइंड करणे यांपैकी कशानेही त्याचे प्रमाण कमी होत नाही. दुसरी गोष्ट भेसळीची : मराठवाड्यात रस्त्याकडेला आणि पडीक रानात उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचे तेल मिसळले गेले तर त्यातील सँग्विनारिन या विषारी द्रव्यामुळे पायांवर सूज, धाप आणि हृदय निकामी होणे अशी लक्षणे असलेली ड्रॉप्सीची साथ येते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा तेलामुळे साठहून अधिक माणसे दगावली. तेव्हाचे मृत्यू मोहरीच्या तेलाने नव्हे, तर भेसळीने घडले. सुट्या मोहरीतही ही बी सापडू शकते; मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो, तर धोत्र्याच्या बीवर बारीक खळगे असतात. तेलातील भेसळ मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती प्रयोगशाळेतच नायट्रिक आम्लाच्या चाचणीत उठणाऱ्या तांबूस रंगाने उघड होते. म्हणून सुटे, मोहोर नसलेले तेल घेऊ नये.

कॅनडाने आपला प्रश्न पिकाच्या पातळीवर सोडवला. कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन यांच्या कामातून १९६८ मध्ये अल्प एरुसिक आम्लाचे आणि १९७४ मध्ये बियांतील तिखट गंधकद्रव्येही कमी असलेले रेपसीड पुढे आले, ज्याला नंतर कॅनोला म्हटले गेले. भारतातही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने अल्प एरुसिक आम्लाचे ‘पुसा मोहरी ३०’ आणि दोन्ही द्रव्ये कमी असलेले ‘पुसा मोहरी ३१’ हे वाण दिले आहेत, ज्यांच्या तेलात एरुसिक आम्ल दोन टक्क्यांहून कमी असते. बाजारातल्या साध्या ‘कच्ची घाणी’ तेलात मात्र हे वाण आहेत असे गृहीत धरता येत नाही. वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच वरचा हिशेब बदलतो.

आता मुद्दा देवणीचा. मोहरीच्या तेलाचे हृदयाच्या दृष्टीने जे श्रेय सांगितले जाते ते मुख्यतः अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे, आणि ते आम्ल या भागाच्या ताटात जवसाच्या चटणीतून फार पूर्वीपासून येत आले आहे. जवसात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्मा भाग हे आम्ल असतो, म्हणजे १० ग्रॅम जवसाच्या कुटलेल्या चटणीतून सुमारे २ ग्रॅम मिळते. पारंपरिक मोहरीच्या २५ ग्रॅम तेलातून मिळणाऱ्या अडीच ग्रॅमच्या ते जवळच आहे आणि त्यासोबत एरुसिक आम्ल येत नाही. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नसते; परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण देऊन करडईचे पीक टिकवण्याचा प्रयत्न केला असला, तरी तिच्या तेलाची ही उणीव भरून काढणारा सोबती जवसच आहे. जवसाचा दाणा अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो, म्हणून तो भाजून कुटलेलाच उपयोगी. आणि त्यातील तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून चटणी आठवड्यापुरतीच कुटावी.

यातून निघणारा निष्कर्ष मोजका आहे. उत्तरेतून येथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपले तेल भयाने टाकून देण्याचे कारण नाही, पण ते एकमेव तेल न ठेवता करडई किंवा शेंगदाण्याच्या तेलाबरोबर आलटून-पालटून वापरावे आणि तान्ह्या बाळाच्या अन्नात ते घालू नये. येथील घरांनी हृदयासाठी म्हणून मोहरीच्या तेलाकडे वळण्याची गरज नाही. ज्या लाभासाठी ते घेतले जाईल तो लाभ जवसाच्या चटणीत आहे, आणि करडईसोबत जवसाचा पेरा व चटणीची रीत टिकली तर तो देवणीच्या शेतातूनच ताटात येईल.